हुरवंड्याची तीन कार्डं

आमच्या कोशाची कचेरी नांदेडला होती. एका महाविद्यालयाच्या पाठीमागे, सायकल स्टँड आणि बंद पडलेली व्यायामशाळा यांच्या मधोमध. मराठवाड्यातल्या बोलण्याचा कोश करायचा, असं वर कुणीतरी ठरवलं होतं. वर म्हणजे कुठं, हे मला अजून कळलेलं नाही. वरून सुटलेली गोष्ट खाली तीन माणसांच्या डोक्यात पडते, एवढं मात्र कळलं. प्रधान संपादक लातूरचे एक निवृत्त प्राध्यापक, त्यांना आम्ही सर म्हणायचो. संपादक उदगीरच्या एका लिंगायत व्यापाऱ्याची लेक, त्यांना सरांसकट सगळे मॅडम म्हणायचे. आणि साहाय्यक मी. मला दोघंही 'अहो' म्हणायचे, तेही चहा सांगायचा असला की.

चौथी जमात उंदरांची. ते आमची कार्डं खाऊन इतके विद्वान झाले होते की 'क' संपवून 'ख'ला तोंड लावायच्या आधी त्यांची बैठक व्हायची. एक म्हातारा उंदीर 'गवत' बाजूला सारून 'गवसणे' कुरतडताना मी या डोळ्यांनी पाहिला. मॅडमना सांगितलं, तर कार्डावरची मान वर न करता म्हणाल्या, "निदान तो निवडतो तरी. आपले सर दिसेल ते घेतात."

निवडणं म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. कारण कोश करणारे म्हणजे पगडी घालून शब्दांना आशीर्वाद देणारे ऋषी, असा लोकांचा समज असतो. आमचं काम पोस्टात पत्रं वाटून लावण्यासारखं. एका शब्दाचं एक कार्ड. त्यावर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य जसंच्या तसं, बोलणाराचं गाव, ऐकणाराची सही. आणि उजव्या कोपऱ्यात एक अक्षर: 'ऐ' किंवा 'वि'. माणूस आपल्या नादात बोलत होता आणि आपल्या कानावर पडलं, तर 'ऐ', म्हणजे ऐकलेलं. आपण विचारलं आणि त्यानं सांगितलं, तर 'वि', म्हणजे विचारलेलं. मॅडमच्या लेखी 'वि'ची शंभर कार्डं आणि 'ऐ'चं एक कार्ड यांचं वजन सारखं नव्हतं. 'ऐ'चं जास्त भरायचं.

शब्द आत घ्यायचा तर 'ऐ'ची तीन कार्डं लागत. तीन गावांची, एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांची, आणि पहिल्यात नि शेवटच्यात किमान एक पावसाळा गेलेला. एका हंगामात उगवून वाळणारे शब्द फार. निवडणुकीत उगवतात, गुलालाबरोबर धुऊन जातात. आणि चौथी अट मॅडमची लाडकी: शब्द वापरलेला पाहिजे, समजावून सांगितलेला नको. "शब्दाला तळटीप लावावी लागली की तो पाहुणा समजायचा," त्या म्हणत. "घरचं माणूस आलं तर कुणी ओळख करून देतं का?"

हा नियम खुद्द सरांनी केला होता, पहिल्या बैठकीत, हारतुरे गळ्यात असताना. हे ध्यानात ठेवा.

व्याख्या लिहिणं ही तर दुसरीच कुस्ती. आमच्याकडं आधीच्या लोकांनी करून ठेवलेला एक कच्चा खर्डा आला होता. त्यात 'येसर : एक खाद्यपदार्थ'. आता येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, त्याची आमटी आमच्याकडं लग्नात झाली नाही तर वऱ्हाडी रुसतात. 'एक खाद्यपदार्थ' म्हटलं तर त्यात श्रीखंडही बसतं, वडापावही बसतो, आणि उंदरांच्या दृष्टीनं 'ग'ची कार्डंही बसतात. मॅडमनी तो खर्डा असा धरला, जसा किराणा दुकानदार खोटं नाणं धरतो. "व्याख्या अशी पाहिजे," त्या म्हणाल्या, "की शब्द झाकला तरी वाचणाऱ्यानं तोच शब्द ओळखावा, दुसरा नाही. आणि शब्दापेक्षा व्याख्या अवघड नको. पाणी म्हणजे जल असं लिहिणाऱ्याला तहानलेला ठेवावा."

'दस्ती'वरून तर सर आणि त्या आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्याकडं दस्ती म्हणजे रुमाल. कोर्टात दस्ती म्हणजे हातोहात दिलेला कागद. सरांचं म्हणणं, मूळ फारसी शब्द हात या अर्थाचा, म्हणून हाताचा अर्थ आधी, रुमाल मागून. मॅडमचं म्हणणं, ज्याला कोश उघडायचाय तो घाम पुसायला दस्ती शोधतोय, त्याला इराणला कशाला पाठवता? कार्डं मोजली. रुमालाचा ढीग टेबलावरून घसरून माझ्या मांडीत आला, कोर्टाची कार्डं चिमूटभर. रुमाल पहिला लागला. सरांनी खिशातली दस्ती काढून कपाळ पुसलं. मॅडम म्हणाल्या, "हे पण कार्ड करा, अहो. 'ऐ' नाही, पण 'पाहिलं' म्हणून लिहा."

तर आता मुख्य गोष्ट. सर हा कोश एका शब्दासाठी करत होते. तो शब्द 'हुरवंडा'.

तरुणपणी सरांनी एका मासिकात लेख लिहिला होता. पाहुणे निघून गेल्यावर अंगणात जी हुरहूर रेंगाळते, तिला मराठवाड्यात हुरवंडा म्हणतात, असं त्यात होतं. त्यांची आत्या म्हणायची म्हणे. लेख गाजला. शहरातल्या लोकांना असले शब्द भारी आवडतात. आपल्याला जे वाटतं त्याला खेड्यात नाव आहे, हे कळलं की त्यांना उगीच आपण खेड्यातले असल्यासारखं वाटतं, आणि तेही एसटीत न बसता. तेव्हापासून दर वर्षी भाषा दिनाला कुठल्या ना कुठल्या पुरवणीत हुरवंडा उगवायचा. सत्कार झाला की शाल, नारळ आणि हुरवंडा. सरांना लातुरात लोक शब्दाच्या नावानं ओळखत. मुलीच्या लग्नात वरपक्षाच्या भाषणात हुरवंडा आला आणि सर रडले, असं सांगतात. मी असतो तर मीही रडलो असतो, पण वेगळ्या कारणानं.

फक्त एक घोळ झाला होता. 'ह' हे अक्षर मुळाक्षरांच्या पार शेपटाला. सरांना आपल्या शब्दापर्यंत पोचायला आधी अख्खी मराठी भाषा ओलांडावी लागणार होती. माणूस तहानेनं व्याकुळ असावा आणि विहिरीच्या वाटेवर प्रत्येक घरानं जेवायला बसवावं, तसं झालं. 'क'मध्ये सर हूं का चूं करत नसत, 'प'मध्ये घाई करू लागले, 'स' आला तेव्हा लातूरहून येताना एसटीतच कार्डांवर सह्या करून आणू लागले. 'स' हा मराठीतला सगळ्यात लठ्ठ अक्षर-ढीग. त्यात सरांचं वजन उतरलं, ढिगाचं नाही.

शेवटी 'ह' आला. सर त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले, लातूरचे पेढे घेऊन. "हुरवंड्याची कार्डं काढा," म्हणाले.

मॅडमनी कार्डं आधीच काढून ठेवली होती. संगणकावर सगळी छापील वर्तमानपत्रं, मासिकं, जमतील ती पुस्तकं धुंडाळूनही झालं होतं. एवढा मोठा गठ्ठा झाला होता की सरांचा चेहरा उजळला. मॅडमनी एकेक कार्ड त्यांच्यापुढं ठेवायला सुरुवात केली.

"हा तुमचा लेख. ही पुरवणी, यात म्हटलंय, 'मराठवाड्यात हुरवंडा असा एक सुंदर शब्द आहे.' ही दुसरी पुरवणी, 'हुरवंडा या शब्दाला पर्याय नाही.' ही कविता, हिला तळटीप आहे. हे तुमच्या सत्काराचं भाषण. ही त्याच भाषणाची बातमी."

"मग? एवढा पुरावा कुणाचा आहे?"

"सर, हे सगळे शब्दाबद्दल बोलतायत. शब्द कुणीच बोलत नाही. आणि सगळ्यांचं मूळ एकच लेख आहे. हे एक कार्ड आहे, सर. बाकीच्या त्याच्या झेरॉक्स आहेत."

मी पेढ्याच्या पुड्याकडं बघत होतो. पुडा कुणी उघडेना.

"माझी आत्या बोलायची," सर म्हणाले. "माझ्या कानानं ऐकलंय."

"ते मी खोटं म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला की समजायचं, तराजू हलायचा थांबला. "पण एका घरात बोलला जातो तो शब्द त्या घराचा. कोशात गावाचं लागतं."

सर उठले. "गावाचं पाहिजे ना? गावात जाऊ."

म्हणून आम्ही तिघं जीप करून निघालो. पुढं सर, मागं मॅडम आणि मी, आणि माझ्या मांडीवर कोऱ्या कार्डांची पेटी. सरांचा नवस मुदखेड, देगलूर आणि किल्लारी असा त्रिस्थळी होता. जीपवाला रस्त्यातल्या एकाही खड्ड्याला नाराज न करता गाडी हाकत होता.

मुदखेडला रेल्वे फाटकाशी बाकावर काही मंडळी बसली होती. सर उतरले, हात जोडले आणि थेट विचारलं, "तुमच्याकडं हुरवंडा हा शब्द आहे ना?"

आता असं बघा. आमच्या मुलखात दारी आलेल्या माणसाला 'नाही' म्हणत नाहीत. पाणी मागितलं तर चहा देतात, वाट विचारली तर सोबत चालू लागतात. लातूरचा, जीप करून आलेला पांढऱ्या केसांचा मास्तर एक शब्द मागतोय, आणि आपण नाही म्हणायचं? एका म्हाताऱ्यानं पागोट्याखाली खाजवलं आणि म्हणाला, "हाव, हाय की."

सरांनी माझ्याकडं विजयानं पाहिलं. "म्हणजे काय?"

"बैलाला व्हतंय ते. खुरात."

"न्हाई हो बापू," शेजारचा म्हणाला, "ते लाळ्या खुरकूत. हुरवंडा म्हणजे पोटात गोळा येतोय ते."

"बैलाच्या का माणसाच्या?"

"ज्याला ईल त्याच्या."

मी लिहून घेतलं. कोपऱ्यात 'वि'. मॅडमनी खालच्या ओठावर दात ठेवून हसू अडवलं होतं. मग त्यांनी आपल्या पद्धतीनं विचारलं, शब्दाचं नाव न घेता. हीच खरी पद्धत. वस्तू दाखवायची, प्रसंग सांगायचा, शब्द त्यांच्याकडून येऊ द्यायचा. शेजारच्या ओसरीवर एक बाई तांदूळ निवडत होत्या. मॅडम त्यांच्याजवळ बसल्या. "मावशी, घरात चार-आठ दिवस पाहुणे राहिले, आणि मग गेले. मागं घर कसं तरी वाटतं, त्याला तुम्ही काय म्हणता?"

मावशींनी सुपातून मान वर केली. "त्याला भांडे घासायची येळ म्हनतेत."

देगलूरला तर गंमत झाली. तिथं मराठी, तेलुगू, कन्नड एकाच बाजारात एकाच पोत्यावर बसतात. एका आडत्यानं शब्द ऐकला आणि म्हणाला, "हे तेलंगी हाय. पलीकडचं. तिकडं बोलतेत." मग एका तेलुगू बोलणाऱ्या मिरचीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "हे मराठी आहे सायेब. आमच्यात नाही." कन्नड बोलणारा म्हणाला, "हे दोघांचं आहे. आमच्याकडं नाही, पण चांगलं आहे." तिघं मिळून शब्द सीमेपार ढकलत होते, बेवारस वासरासारखा. पण तिघांपैकी एकानंही 'असा शब्द नाही' म्हटलं नाही. एका चहावाल्यानं तर हुरवंडा ही एक चटणी असून जवसाची करतात असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, करून ठेवतो म्हणाला.

किल्लारीला मी हसायचं सोडून दिलं. तिथं नव्या गावातल्या एका घरापुढं एक म्हातारी आजी ऊन खात बसलेली होती. सरांनी तोच प्रश्न विचारला. आजी बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हता. जुन्या गावात व्हता. दाराशीच असायचा. नव्या गावात कुटं आलाय."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "ऐकलंत? दाराशी असायचा. अंगणातच. लिहा, 'किल्लारी परिसरात भूकंपापूर्वी प्रचलित'."

मॅडमनी माझ्या मांडीवरच्या पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "सर, आजींना आज कुणीही काहीही विचारलं तरी ते जुन्या गावातच होतं. मी त्याचं कार्ड करणार नाही."

केलं नाही. त्या एका न केलेल्या कार्डासाठी मला अजून त्यांचा आदर वाटतो. बाकी सगळ्या दौऱ्याचा मला असा तिटकारा आला की नांदेडला पोचेपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं.

दौऱ्याचा हिशेब मांडला तेव्हा हुरवंडा हे एकाच वेळी बैलाचं दुखणं, पोटातला गोळा, जवसाची चटणी, तेलुगूतली चीज आणि मराठीतली चीज निघालं. सर म्हणाले, "अनेकार्थी शब्द दिसतो." मी खिडकीतून सायकल स्टँडकडं बघितलं. तिथल्या सायकलीसुद्धा माना टाकून उभ्या होत्या.

"सर, हे शब्दाचे अर्थ नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हे पाहुणचाराचे प्रकार आहेत."

सरांनी चष्मा काढला. त्यांचं नाक चष्म्याशिवाय मी पहिल्यांदा पाहिलं. "मॅडम," ते म्हणाले, "मी गेल्यावर माझं काय राहील? पुस्तकं कुणी वाचत नाही. पोरगी पुण्यात, तिची पोरं मराठीच बोलत नाहीत. हा एक शब्द आहे. एक ओळ. दोन ओळींची जागा सुद्धा नको."

मला वाटलं, आता तरी मॅडम वितळतील. एका ओळीनं कोश काही बुडणार नव्हता, आमच्यासारखे कोश तसेही बुडालेलेच असतात. पण त्या उदगीरच्या दुकानात वाढलेल्या. तिथं गिऱ्हाईक रडलं म्हणून तराजूत अंगठा घालत नाहीत.

"मी काढून टाकत नाही," त्या म्हणाल्या. "थांबलेल्यांत ठेवते. 'ऐ'ची तीन कार्डं आली, की जाईल. नाही आली, तर 'ह' छापायला जाईल त्या दिवशी हुरवंडा बाहेर."

सर लातूरच्या गाडीला निघून गेले. पेढे उंदरांनी खाल्ले, पुड्यासकट. दुसऱ्या दिवशी 'ह'च्या कार्डांना त्यांनी तोंड लावलं नाही. माझं मत असं, की त्यांचंही मन भरून आलं होतं.

पुढचे काही महिने 'ह' आपला चालला होता. 'हाव'वरच आम्ही इतके दिवस घातले की त्यात दुसऱ्यानं शाळा बांधली असती. होकार, ऐकतोय, कळलं, जा आता, आणि मुळीच नाही, हे सगळं आमच्याकडं हाव या एकाच शब्दात मावतं. सरांचा आग्रह एकच अर्थ लिहायचा, मॅडमनी पाच केले. एकाच गोष्टीचे तुकडे किती करायचे, हे कसायाला आणि कोशकाराला, दोघांनाही आयुष्यभर सुटत नाही.

आणि मग एक दिवस मी मुदखेडला पाहुण्यांकडं गेलो असताना स्टेशनबाहेर रिक्षात बसलो होतो. शेजारी एक बाई आणि तिचा नवरा. नवरा तिला विचारून राहिला होता, तुझ्या भावाकडं किती दिवस राहायचं, का राहायचं, तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस. बाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "लई हुरवंडा हायस बग तू. घरून उत्तर बांधून आनतोस आन मग इचारतोस."

मी रिक्षातून पडलोच असतो. बाईला विचारलं असतं, तर कार्ड 'वि' झालं असतं, म्हणून दातांवर दात दाबून गप्प बसलो. नवऱ्यानं अर्थ विचारला नाही. त्याला कळला होता. तो खाली बघत होता.

मॅडमनी कार्ड दोनदा वाचलं. "आपण मुदखेडला जाऊन आलो, त्याचं हे," त्या म्हणाल्या. जीप, पांढरे केस, हात जोडून तोच प्रश्न, उत्तर आधीच पक्कं केलेलं. गावानं तो शब्द ठेवून घेतला आणि ज्यानं आणला त्याच्याच अंगावर घातला. मी म्हटलं, "हे चालेल का? आपणच पेरलंय." त्या म्हणाल्या, "प्रत्येक शब्द कुणी ना कुणी पेरलेलाच असतो. आपण फक्त बघायचं, लोक आपल्याविना बोलतात का." कोपऱ्यात 'ऐ' लिहिलं. एक झालं.

दुसरं देगलूरहून आलं. मॅडमच्या मामेभावाची तिथं आडत आहे. दिवाळीला त्या तिथं गेल्या होत्या, आणि दुकानात फोनवर कुणी ओरडत होतं, "पीकपाहनीवाले हुरवंडे येऊन गेले का? न पाहता लिहून गेले असतील." फोनवरचा पलीकडचा हसला, एवढं मॅडमना ऐकू आलं. दोन.

आता बघा, माझ्या मनाची काय तऱ्हा. सरांचा शब्द जिवंत होतोय, आणि त्याचा अर्थ सर. मला हे इतकं आवडलं की मी घरी बायकोला सांगितलं, आणि ती म्हणाली, "तुम्ही पण त्या जीपमध्ये होता ना?" मी विषय बदलला.

सरांना मॅडमनी दोन्ही कार्डं दाखवली. लपवण्यासारखं काही नव्हतं. सर बराच वेळ वाचत बसले. 'ह' पुढच्या दिवाळीला छापायला जायचा होता. तिसरं कार्ड आलं नसतं, तर हुरवंडा बाहेर. आलं असतं, तर हुरवंडा आत, पण पाहुण्यांची हुरहूर म्हणून नव्हे. सरांनी कार्डं खाली ठेवली आणि म्हणाले, "माझ्या अर्थाचं एकही नाही." मग गाडीला गेले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा येत नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्या खुर्चीच्या गादीकडं बघायलाही लागलो होतो.

पाऊस येऊन गेला. शेतं सोयाबीननं भरली, रिकामीही झाली. एका सोमवारी सर आले. इस्त्री नव्हती. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कार्ड काढून मॅडमपुढं ठेवलं. त्यांच्याच वळणदार अक्षरात, सगळे रकाने भरलेले. गाव: लातूर. त्यांच्याच गल्लीतली पिठाची गिरणी. गिरणीवाल्यानं एका वर्गणी मागणाऱ्या पोराला सुनावलं होतं, "आधी ठरवून आलास आन मग कशाला विचारतोस, हुरवंडा कुठला." ऐकणाराची सही: सरांची. कोपऱ्यात 'ऐ'.

"त्याला माहीत आहे तुम्ही कोण ते?" मॅडमनी विचारलं.

"नाही. नवा आहे. निलंग्याकडून आलाय." सरांनी कार्ड पुढं सरकवलं. "पोरगं ऐकून लाजलं. म्हणजे कळला त्याला."

हे कार्ड सरांनी खिशात ठेवलं असतं, तर कुणाला कळणार होतं? हुरवंडा बाहेर राहिला असता, आणि पुरवण्यांत, सत्कारांत, नारळाशेजारी त्यांचा तो गोड अर्थ सुखानं जगला असता. कोशात नसलेल्या शब्दाला कुणी खोटं पाडत नाही. हे सरांना माझ्याहून जास्त कळत होतं. इतकी वर्षं त्यांची टिंगल करत आलेला मी माणूस, पण त्या क्षणी मला टिंगल करायला काही सापडेना. ही हाव होती, का सचोटी, ते मला अजून सांगता येत नाही. मराठीत दोन्हीला मिळून शब्द नाही. असला तर त्याची तीन कार्डं माझ्याकडं नाहीत.

व्याख्या लिहायचं काम माझ्याकडं आलं. मॅडम म्हणाल्या, "अहो, तुम्ही लिहा, तुम्हाला हौस आहे." मी हौसेनं लिहिलं:

'हुरवंडा : उत्तर आधीच ठरवून दारोदार प्रश्न विचारत फिरणारा म्हातारा माणूस.'

व्युत्पत्तीपुढं मॅडमनी 'अनिश्चित' लिहिलं. सरांनी ते खोडून स्वतः लिहिलं, 'एका लेखातून. मूळ अर्थाचा बोलीत पुरावा नाही.' ते लिहिताना त्यांनी पेन इतकं दाबलं की खालच्या कार्डावरही उमटलं. 

मग सरांनी माझी व्याख्या वाचली. एकदा, मग पुन्हा, बोट फिरवत. मी तयार होतो. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी तिन्ही कार्डं उचलून शेजारी शेजारी लावली: रिक्षातला नवरा, पीकपाहणीवाले, वर्गणी मागणारं पोर.

"हे 'म्हातारा' कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

मी उंदरांकडं बघितलं. ते कामात होते.

"एकाही कार्डात वय नाही," सर म्हणाले. "आणि हा 'दारोदार' पण बघा, नवरा कुठं दारोदार फिरतोय? रिक्षात बसूनच विचारतोय. कार्डांत नाही ते व्याख्येत घालायचं नाही. कितीदा सांगायचं तुम्हाला, अहो."

दोन्ही शब्द त्यांनी खोडले आणि खाली सही केली.